टोचण्याआधी आणि कापण्याआधी

पोरी, कानामागची गाठ दिवाळीच्या आत कापून टाकायची आणि त्याच आठवड्यात बाळाचे कानही टोचून घ्यायचे, असं तू ठरवल्याचं वहिनीनं सांगितलं. दोन्हींची तारीख धरण्याआधी हे वाच. माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून गेली. जखमा कशा भरतात आणि कशा बिघडतात हे मला आधी थोरल्या सिस्टरांनी हाताला धरून शिकवलं आणि नंतर पेशंटांनी दाखवलं. त्यांच्याकडून जे मिळालं, त्यातलं तुझ्या कानापुरतं, टाक्यांपुरतं आणि लेकीच्या कानापुरतं इथं लिहिते.

तुझ्या गाठीला डॉक्टर केलॉइड म्हणतात. आपल्याकडं कुणी मास वाढलं म्हणतं, कुणी वण फुगला म्हणतं. कातडी फाटली की खालच्या पेशी कोलॅजन नावाचे धागे तयार करून ती भेग भरून काढतात. भेग भरली की त्या थांबतात, आणि पुढचे काही महिने जास्तीचे धागे विरघळत जाऊन वण सपाट होतो. केलॉइडमध्ये हे थांबणंच होत नाही. म्हणून तुझ्या कानाला भोक सुईएवढं पडलं होतं, पण गाठ सुपारीएवढी झाली. हा कर्करोग नाही, त्याचा संसर्ग नाही आणि तो कुणाच्या दृष्टीनंही येत नाही. ज्याच्या कातडीत हा स्वभाव आहे, त्याला तो जखमेच्या निमित्तानं येतो. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदे, वरची पाठ आणि जबड्याची कड या त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. वय साधारण दहा ते तीस. सावळ्या कातडीत तो जास्त दिसतो आणि घराण्यात उतरतो.

आपल्या घराण्यात तो आहे. दादाच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या छातीवर शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपाशी जो आडवा उंचवटा आहे, तो कॉलेजात असताना आलेल्या एका साध्या पुळीचा आहे. कुणी कधी त्याची चौकशी केली नाही, कारण तो शर्टाखाली झाकला जातो. आता तुझा कान आठव. तान्ही असताना सोनारानं टोचलेली भोकं वीस वर्षं निर्मळ राहिली. लग्नाआधी हौसेनं दुसरं भोक पाडून घेतलंस, तेव्हा तू एकोणीसची होतीस. जखम महिन्यात भरली, सगळं छान वाटलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिथं खाज सुरू झाली, मग कडक कण हाताला लागला, वर्षात चिंचोक्याएवढी गाठ झाली. बाळाच्या वेळी पोटुशी असताना ती भराभर वाढली, हेही तूच सांगितलंस. जखम नीट भरणं, मधे काही महिने शांततेत जाणं, मग खाज, मग वाढ आणि भोकाच्या सीमेबाहेर पसरणं, हा क्रम केलॉइडचाच आहे.

हे एवढं सांगते, कारण कानाच्या पाळीवरची प्रत्येक गाठ केलॉइड नसते आणि त्या गोंधळातून चुकीचा सल्ला मिळतो. तुझ्या शेजारणीची गाठ एकदाच कापली आणि परत आली नाही, असं तू म्हणतेस. तिची गाठ कातडीखाली गोल, हलणारी होती. वर काळा ठिपका होता आणि दाबली की घाण वासाचा पांढरा दह्यासारखा मळ यायचा. ती पिशवी होती. पिशवी अख्खी काढली की संपते. टोचल्यावर दोन-तीन आठवड्यांत येणारा ओला, लालभडक, हात लागताच रक्त येणारा कोंब वेगळा असतो, आणि पूं धरलेला, ठणकणारा कान वेगळा. पाळीला बारीक पुरळ येऊन पाणी सुटत असेल, तर तो बहुतेक दागिन्यातल्या निकेलचा त्रास असतो. केलॉइड कडक, रबरासारखा, वरून तुकतुकीत आणि कातडीला घट्ट धरलेला असतो. तो खाजतो, कधी टोचल्यासारखा दुखतो, पण पिकत नाही. तरीही गाठ नक्की कसली हे एकदा त्वचारोगतज्ज्ञाला हात लावून बघू दे.

आता कापण्याचं. तुझी गाठ एकदा कापून झाली आणि पाचव्या महिन्यात पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत आली. ज्यांनी कापली त्यांचा हात वाईट होता असं मला वाटत नाही. गाठ निघाली, टाके घातले, सातव्या दिवशी काढले, आणि ‘झालं’ म्हणून तुला घरी पाठवलं. चुकलं ते तिथं. कापणं म्हणजे त्याच कातडीला पहिल्यापेक्षा मोठी जखम करणं. न थांबणाऱ्या पेशी कडेला शिल्लक असतात आणि त्यांना नवं काम मिळतं. नुसतं कापून सोडून दिलेले केलॉइड शंभरातले पंचेचाळीस ते जवळजवळ शंभर परत येतात, असं निरनिराळ्या दवाखान्यांच्या नोंदी सांगतात. माझ्या थोरल्या सिस्टर नव्या पोरींना एकच ताकीद द्यायच्या: केलॉइडचा पेशंट टेबलावर घेतला, तर त्याच्या पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा केसपेपरवर लिहिल्याशिवाय त्याला खाली उतरवायचं नाही. तेच तुला सांगते. कुणी कापतो म्हणालं, तर पहिला प्रश्न हा विचार: कापल्यानंतर काय करणार, आणि किती महिने?

याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर उठून ये.

आणि कापण्याच्या नादात घरगुती उपाय तर अजिबात नको. सासूबाईंनी प्रेमापोटी बिब्बा लावला होता, त्याचे फोड आठवतात ना? बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. चुना आणि सोडा लावला, गाठीला घोड्याचा केस किंवा दोरा आवळून बांधला, सुई तापवून डाग दिला, तरी तेच होतं. यातल्या प्रत्येकानं कातडीला नवी जखम होते, आणि तुझी कातडी जखमेला गाठीनंच उत्तर देते. हळद-खोबरेल लावल्यानं नुकसान नाही, पण त्यानं गाठ विरत नाही. त्यात महिने घालवू नको.

तर तुझ्यासाठी कोणता रस्ता? मी तुझ्या जागी असते तर दिवाळी विसरले असते आणि आत्ता श्रावणात इंजेक्शनं सुरू केली असती. केलॉइडचं पहिलं औषध तेच आहे. औषधाचं नाव ट्रायामसिनोलोन. दवाखान्यात त्याला बरेचदा केनाकॉर्ट याच नावानं ओळखतात. ते स्टिरॉइड आहे, आणि ते दंडात किंवा कमरेत न देता थेट गाठीच्या पोटात देतात. एका मिलिलिटरमध्ये १० ते ४० मिलिग्रॅम अशा ताकदीत ते वापरतात. तुझ्यासारख्या कडक जुन्या गाठीला डॉक्टर बहुधा वरची ताकद घेतील. दर चार आठवड्यांनी एकदा, असं किमान चार-पाच वेळा. पहिल्या खेपेला गाठ इतकी घट्ट असते की डॉक्टरांना पिचकारी जोर लावून दाबावी लागते आणि तुलाही चांगलंच दुखेल. आधी बधिर करण्याचं औषध मिसळायला किंवा मलम लावायला सांग, त्यात संकोच नको. औषध बरोबर जागी गेलं, तर गाठ क्षणभर पांढरी पडते. औषध गाठीखालच्या मऊ चरबीत गेलं, तर तिथं खड्डा पडतो. म्हणून हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडं किंवा सर्जनकडंच.

फरक कसा ओळखायचा तेही ऐक. आधी खाज थांबते. बहुतेकींना पहिल्या-दुसऱ्या इंजेक्शननंतरच रात्रीची झोप परत मिळते. मग गाठ मऊ होते, मग खाली बसते. आकार सगळ्यात शेवटी कमी होतो, म्हणून दोन महिन्यांत आरशात फरक दिसला नाही तरी सोडू नको. बोटानं दाबून बघ. प्रत्येक वेळी जाण्याआधी पाळीचा एक फोटो काढ, त्याच खिडकीपाशी, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून. डॉक्टर बदलले तरी त्या फोटोंवरून पुढच्या डॉक्टरांना काय ते समजेल. चार खेपांनंतर गाठ मऊही झाली नाही, तर तेच तेच टोचत बसायचं नाही. पुढचा उपाय विचारायचा. काही जण स्टिरॉइडबरोबर फ्लुरोयुरॅसिल नावाचं दुसरं औषध मिसळतात. ते चांगलं काम करतं, पण तू अंगावर पाजतेस, म्हणून तुला ते आत्ता चालणार नाही. पाजतेस ही गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपणहून सांग. पुन्हा दिवस राहण्याची शक्यता असेल तर तेही.

स्टिरॉइडचे तोटे लपवत नाही. गाठीभोवतीची कातडी पातळ होते, तिथं बारीक लाल शिरा दिसू लागतात आणि कधी पांढरट डाग पडतो. आपल्या रंगावर तो उठून दिसतो आणि जायला महिने लागतात. मासिक पाळी एखादा महिना पुढं-मागं होऊ शकते. घाबरू नको, पण डॉक्टरांना सांग. आणि गाठ बसली तरी ती परत उठू शकते. नुसत्या इंजेक्शननं बसलेल्या गाठींपैकी परत येणाऱ्यांचा आकडा शंभरात नऊपासून पन्नासपर्यंत वेगवेगळा सांगितला जातो.

कुणी तुला गाठ गोठवून घ्यायला सांगेल. द्रव नायट्रोजननं गाठ गारठवून मारतात. लहान गाठीला ते उपयोगी पडतं आणि इंजेक्शनच्या जोडीनं जास्त. पण सावळ्या कातडीचा रंग तिथं उडतो, आणि कानासारख्या समोर दिसणाऱ्या जागी हा सौदा मला पटत नाही. लेझरबद्दल एवढंच, की त्यानं लाली आणि खाज कमी होते. सुपारीएवढी गाठ एकट्या लेझरनं जात नाही. त्यासाठी पैसे मोजण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे.

चार-पाच इंजेक्शनांनंतर गाठ मऊ झाली पण उरली, तर मग कापायचं. कानाची पाळी ही त्यातल्या त्यात सोयीची जागा आहे, कारण तिथं कातडीवर ओढ नसते आणि ती दोन्ही बाजूंनी दाबता येते. माझ्या मते हिवाळ्यात, मार्गशीर्षाच्या सुमारास कर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाखाली जखम आणि क्लिप दोन्ही सांभाळणं जड जातं. पाळी बधिर करून गाठ काढतात, कडा न ओढता बारीक टाके घालतात, आणि ते साधारण सात ते दहा दिवसांत काढतात. टाके काढताना किंवा त्याच्या आसपास कडेला इंजेक्शनाचा पहिला डोस, आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, गाठ दिसत नसली तरीही. तिथं बायका कंटाळतात. कान सुंदर दिसतो, भोकरदनहून येण्या-जाण्यात एक दिवसाची मजुरी बुडते, मग कशाला जायचं असं वाटतं. गाठ मात्र त्याच महिन्यांत आतून धागे जमवत असते.

जखम पक्की भरली, म्हणजे दोन आठवड्यांच्या आसपास, की पाळीवर दाबाची क्लिप लावायची. दोन चकत्या पाळीला पुढून-मागून धरतात, अशी ती असते. दिवसातले किमान बारा तास, निदान सहा महिने. रात्रीची झोप आणि संध्याकाळचं घरकाम धरलं की बारा तास भरतात. दाब एवढाच हवा की चकती सरकू नये. पाळी पांढरी किंवा निळी पडली, बधिर झाली किंवा ठणकू लागली, तर दाब जास्त आहे. तयार क्लिप कानाला बसत नसेल, तर कृत्रिम दात बनवणारे दंतवैद्य कानाचा साचा घेऊन प्लास्टिकची मापाची क्लिप बनवतात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करून बघ. हे दातवाल्यांचं काम असेल असं कुणाला सुचत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एक उपाय मागं ठेवायचा, तो किरणांचा. गाठ कापल्यावर चोवीस ते बहात्तर तासांच्या आत तिथं थोडे किरण द्यायला सुरुवात करतात, दोन-चार बैठकांत संपवतात. वारंवार परतणाऱ्या कानाच्या गाठींना याचा गुण चांगला येतो. पण वेळ चुकली की गुणही जातो, म्हणून सर्जन आणि किरणोपचाराचे डॉक्टर यांच्या तारखा कापण्याआधीच जुळवाव्या लागतात. लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते देत नाहीत. तुला आत्ता त्याची गरज नाही. एवढं सगळं करूनही गाठ तिसऱ्यांदा आली, तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचार. शासकीय कर्करोग रुग्णालय त्याच शहरात आहे, आणि तिथं पाठवलं म्हणून कर्करोग झाला असं समजून घरात रडारड करू नको. यंत्र तिथं असतं, म्हणून पाठवतात.

जायचं कुठं म्हणशील, तर आधी जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत. बदनापूर तालुक्यात वरुडीला वैद्यकीय महाविद्यालयाचं नूर हॉस्पिटल आहे, तेही चालेल. घाटी जालन्याहून साठेक किलोमीटर पडते. दर महिन्याच्या फेऱ्या आहेत, म्हणून जवळचं धर आणि शेवटपर्यंत तिथंच जा. आधीच्या कापण्याचे कागद बरोबर ने.

आता सिझरच्या टाक्यांचं. तिथंही ओळ उठली, म्हणून तू घाबरलीस आणि आता कधीच ऑपरेशन करायचं नाही म्हणालीस. मी बघितली ती ओळ. ती उंच आहे, गुलाबी आहे, खाजते. पण ती कापलेल्या रेषेच्या आत आहे. एक सूतही बाहेर गेलेली नाही. बाळंतपणानंतर दोन महिन्यांत उठली आणि गेल्या दोन महिन्यांत वाढलेली नाही. हा केलॉइड नाही, हा नुसता फुगलेला वण. दोघांमधला भेद एवढाच लक्षात ठेव: फुगलेला वण आपल्या हद्दीत राहतो, लवकर येतो आणि वर्ष-दीड वर्षात आपोआप खाली बसू लागतो. केलॉइड उशिरा येतो, हद्द ओलांडतो आणि आपोआप बसत नाही. जिला कानाला केलॉइड आला, तिच्या पोटावरही तो येईलच असं नाही.

त्या ओळीला सिलिकॉन लाव. पट्टी मिळते आणि जेलही मिळतं. जखम पूर्ण बंद झाल्यावरच लावायचं, आणि दिवसातले किमान बारा तास, निदान तीन महिने. पट्टी रोज साबणानं धुऊन, वाळवून परत लावता येते. आता दमट हवेत पट्टीखाली घामोळं आलं, तर दोन दिवस सोड आणि मग जेलवर ये. जेल पातळ लावायचं, वाळू द्यायचं, मग परकर नेसायचा. तेही परवडत नसेल, तर दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी, जिला आम्ही मायक्रोपोर म्हणतो, ती ओळीवर लांबीला चिकटव. कडा सुटल्या की बदल. तिचं काम एवढंच की वाकताना-उठताना वणावर ओढ कमी पडावी. ओढ हे वण फुगण्याचं मोठं कारण आहे. म्हणून सलवारीची नाडी त्या ओळीवर येऊ देऊ नको. आणि पुढं कधीही, कसल्याही ऑपरेशनसाठी टेबलावर गेलीस, तर भूल देणाऱ्यालाही आणि सर्जनलाही आधीच सांग: मला केलॉइड येतो. हे वाक्य तुझ्या केसपेपरवर रक्तगटाच्या शेजारी असायला हवं. तीळ काढणं, टॅटू, पुळी फोडणं, हौसेची कुठलीही जखम, हे सगळं तुझ्यासाठी बंद.

राहिले बाळाचे कान, आणि खरं तर लिहायला बसले ते याच्यासाठी. सासूबाई म्हणतात कान टोचायलाच हवेत, तू म्हणतेस माझ्यासारखं झालं तर. तुझी भीती रास्त आहे, कारण आजोबा आणि आई दोघांनाही केलॉइड. न टोचणं हा सगळ्यात बिनधोक रस्ता आहे, आणि तो निवडलास तर मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. चापाच्या कुड्या आता सुंदर मिळतात. पण टोचायचेच असतील, तर लहानपणीच टोच. २००५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी केलॉइड असलेल्या बत्तीस जणांची पाहणी केली होती. अकरा वर्षांच्या आत कान टोचलेल्यांत सुमारे चोवीस टक्क्यांना केलॉइड आला, अकरानंतर टोचलेल्यांत ऐंशी टक्क्यांना. माणसं थोडी होती, त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण तुझाच कान तेच सांगतो: तान्हेपणीची भोकं निर्मळ, एकोणिसाव्या वर्षीचं भोक गाठीचं. सुश्रुतांनीही कान सहाव्या-सातव्या महिन्यात टोचायला सांगितलं आहे, आणि भोकात तेलाची वात घालून ते हळूहळू सांभाळायची रीत दिली आहे.

बारशालाच टोचायची घाई आपण केली नाही, हे बरं झालं. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लशी आधी व्हायला हव्यात, म्हणजे धनुर्वाताची काळजी राहत नाही. तिच्या त्या झाल्यात, आणि आता ती सहा महिन्यांची आहे. वेळ योग्य आहे. जागा पाळीच्या मऊ भागात, मधोमध. बुगडीची हौस पुढं कधीही नको. वरच्या कुर्चेला रक्त कमी पोचतं, तिथली जखम रेंगाळते, आणि पिकली तर कानाचा आकार जातो.

टोचताना डॉक्टरकडून निर्जंतुक, नव्या सुईनं टोचून घेणं माझ्या पसंतीचं. घरच्या सोनाराकडूनच घ्यायचं असेल, तर लाजू नको, समोर उभं राहून बघ. तार नवी, बावीस कॅरेट सोन्याची, वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवलेली. त्याचे हात साबणानं धुतलेले. पाळी स्पिरिटनं पुसलेली. एकाला टोचलेली तार किंवा सुई दुसऱ्याला लागली, तर कावीळ-ब आणि एचआयव्हीसुद्धा जाऊ शकतो. जत्रेतल्या, मॉलमधल्या बंदुकीनं नको. ती नीट निर्जंतुक करता येत नाही, आणि तिच्या सोबतच्या स्वस्त कुड्यांत निकेल असतं.

नंतरचे सहा आठवडे महत्त्वाचे. एक पेला उकळून कोमट केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ, त्यात स्वच्छ कापूस भिजवून दिवसातून दोनदा पुढून-मागून पुसायचं. आधी स्वतःचे हात धुवायचे. बाळी गोल फिरवायची नाही. खपली मोडते आणि जखम पुन्हा ताजी होते. बाळीचं मळसूत्र किंवा फासा पाळीला आवळून बसायला नको, सूज आली तर तिला जागा हवी. झाडूची काडी, कडुलिंबाची काडी, राख, हळदीची पूड काहीही भोकात घालायचं नाही. पाळी लाल होऊन सूज पसरली, पूं आला किंवा ताप आला, तर घरी थांबू नको, त्याच दिवशी दाखव. पिकलेली, रेंगाळलेली जखम पुढं केलॉइडला आमंत्रण देते.

मग पहिली दोन वर्षं आंघोळीच्या वेळी पाळी चिमटीत धरून बघत जा. कडक मणी लागला, किंवा ती सारखी कान ओढू लागली, तर बाळी काढ आणि त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठ. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ दोन-तीन इंजेक्शनांत बसते. सुपारीएवढीला वर्ष लागतं.

तिच्या कानावर एकेकच भोक राहू दे. ती सतरा-अठराची झाली आणि मैत्रिणींबरोबर दुसरं भोक पाडायला निघाली, की तिला आजोबांची छाती आणि तुझे हे कानाचे फोटो आधी दाखव.